भांडी की मांडी

नवरा गेल्यापासून गंगाखेडातलं भांड्यांचं दुकान मी चालवते. पण पाटीवर नाव कुणाचं, हे माझे दीर सांबप्पा ठरवणार म्हणे!

पेंटरनं फळ्यांवर तीन नमुने रंगवून आणले. पहिल्यावर बारीक अक्षरांत सगळ्या खानदानाची नावं. दुसरा दिरांच्या पसंतीचा, लाल, वेलबुट्टीचा, अक्षरांना काळी सावली: ‘सांबप्पा भांडी’. तिसरा मी सांगितलेला, काळ्यावर पिवळी, जाड, मोकळी अक्षरं: ‘शांतम्मा भांडी’.

“बाईचं नाव रस्त्यावर टांगतीस?” दीर म्हणाले.

“टांगून तर बघू.”

तिन्ही फळ्या दुकानावर लावल्या. समोरच्या हॉटेलातून बघितलं, तर खानदान गायब. बाकी दोन वाचता येत होत्या. मग दिरांना घेऊन मी निजाम सरकारच्या प्रवासी मोटारीत बसले. मोटार भरधाव दुकानासमोरून निघाली, तसे दीर ओरडले, “सांबप्पा भांडी! साफ दिसायलंय!”

“तुमाला ठावं हाय म्हणून दिसतंय,” मी म्हणलं, आणि शेजारच्या परगावच्या माणसाला विचारलं, “त्या लाल पाटीवर काय होतं, भाऊ?”

“सांबप्पा... मांडी?”

अख्खी मोटार हसली. सावलीनं ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजवली होती, अन् ‘भ’चा ‘म’ झाला होता.

“आन पिवळ्या पाटीवर?”

“शांतम्मा भांडी.”

दीर मान खाली घालून पुटपुटले, “बरं, पिवळीच घे. पण नाव माझं घाल.”

“न्हाई,” मी म्हणलं. “मांडी तुमची ऱ्हाऊ द्या. भांडी माझी हायत.”