झुरळाच्या मिशांपलीकडे

दादा आणि भावोजी यांनी मिळून झुरळं मारायचा धंदा काढला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं दोघं एकमेकांवर जे फवारत होते, ते निदान आता किड्यांवर पडेल.

धाकटीला मात्र वेगळ्याच कारणाने बरं वाटलं. दादाची ही सगळ्यात लहान बहीण डिझाइन शिकून घरी बसली होती. कोपऱ्यावरच्या प्रेसमध्ये एक खुर्ची रिकामी होती आणि त्या खुर्चीवर तिचा डोळा होता. प्रेसच्या मालकांनी तिच्या आधीच्या दोन फाइली साभार परत केल्या होत्या. पहिलीत काठाबाहेर जास्तीचा रंग सोडायचा असतो ते ब्लीडच नव्हतं, दुसरीत फोन नंबर काठाला चिकटलेला.

"माझा हात न लागता मशीनवर चढेल अशी एक फाइल आण," ते म्हणाले होते. "खुर्ची तुझी. तिसऱ्यांदा परत गेली, तर मात्र मी दुसरं कुणीतरी बघतो."

आणि तिसरी फाइल म्हणजे दादा-भावोजींचं व्हिजिटिंग कार्ड. देव द्यायला लागला की पत्ता न बघता देतो.

कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावर दोघांची बैठक झाली. दोन देशांच्या सीमाही याहून लवकर ठरतात. शेवटी ताईने तोडगा काढला: पुढच्या बाजूला दादाचं नाव, मागच्या बाजूला भावोजींचं. दोन्ही बाजू सारख्या हिरव्या, दोन्हीकडे उताणं पडलेलं झुरळ. फोन नंबर कुणाचा, यावर पुन्हा तोंडं फुगली, म्हणून ताईचाच टाकायचा ठरला. ताई म्हणजे दादाची बहीण आणि भावोजींची बायको, त्यामुळे हरलो असं कुणालाच वाटलं नाही.

धाकटीने जीव ओतून फाइल केली. कार्ड नव्वद बाय चोपन्न मिलिमीटर, चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे पान शहाण्णव बाय साठ. आत चार मिलिमीटर सोडून सेफ एरिया. पान एक पुढची बाजू, पान दोन मागची. रंग छपाईचे, अक्षरांच्या आउटलाइन केलेल्या, म्हणजे प्रेसमध्ये फॉन्ट बदलायला नको. झुरळाच्या मिशा तिने मुद्दाम काठाच्या पार नेल्या, म्हणजे कटिंगला केसभर इकडेतिकडे झालं तरी मिशी काठाच्या अलीकडेच तुटलेली दिसणार नाही. मेलेल्या झुरळाचा एवढा मान कुणी राखला नसेल.

दुपारी दादा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

"ही कोपऱ्यातली रेघोटी कसली गं?"

"कापायची खूण. तिच्या बाहेरचं सगळं कापून जातं. तेच ब्लीड."

"कापायचंच, तर छापायचं कशाला?"

"काठापर्यंत रंग यावा म्हणून. सुरी थोडी सरकली तर पांढरी कड राहते."

"आणि ही आतली चौकट?"

"सेफ एरिया. नाव, नंबर, सगळं हिच्या आत. काठाजवळ गेलं की कापलं जाण्याची भीती."

दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू ज्ञानाचा प्रकाश पसरला. शाळेत जो कधी पसरला नाही, तो.

"मग भावोजींचं नाव जरा बाहेर सरकव."

"काठाजवळ?"

"काठाच्या पलीकडे. कापलं गेलं तर आपण काय करणार? मशीनचा दोष!"

"दादा, माझी खुर्ची जाईल!"

"सख्ख्या भावासाठी एवढं नाही करणार? आणि हे बघ, आपल्यातच ठेव."

तो गेला आणि त्याची ऊब उतरायच्या आत त्याच स्टुलावर भावोजी बसले.

"मेहुणेबुवा काय म्हणत होते?"

"काही नाही, ब्लीड समजून घेत होते."

"मलाही समजाव की. आम्ही काय परके?"

तिने समजावलं. प्रकाश पसरला. भावोजी खाकरले.

"तुझ्या दादाचं नाव फार मध्ये आलंय, नाही का? त्या बाहेरच्या पट्टीत छान खुलेल."

"भावोजी, ती पट्टी कचऱ्यात जाते."

"अगं, कलेत थोडा त्याग असतोच."

धाकटी हिशोब मांडू लागली. एकाचं ऐकावं तर दुसरा रुसणार, कुणाचंच ऐकू नये तर दोघं. आणि दोघांचं ऐकलं तर खुर्ची जाणार. मग तिने ठरवलं, आपण फक्त हुकमाचे ताबेदार. तीन मिलिमीटरच्या पट्टीत सहा पॉइंटचं बारीक नाव आडवं बरोबर मावतं. एक नाव पान एकच्या पट्टीत, एक नाव पान दोनच्या. दोन पानांची पीडीएफ तिने घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं: "दोन्ही पानं नीट बघा. कोपऱ्यातल्या खुणांच्या बाहेरचं कापलं जाणार आहे. दोघांनी ओके दिलं तरच छापायला देईन."

दादाने तडक पान दोन उघडलं, बोटांनी मोठं केलं, भावोजींचं नाव खुणेच्या बाहेर असल्याची खात्री केली. "ओके." भावोजींनी पान एक उघडलं, डोळ्यांवरचा चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. "एकदम ओके." स्वतःचं पान उघडायला कुणालाच सवड नव्हती. दुसऱ्याचं वाईट इतक्या बारकाईने बघायचं, तर वेळ लागतोच.

प्रेसमधून मालकांचा फोन आला.

"पोरी, ब्लीड फर्स्ट क्लास. मिशा तर काय सुरेख पार गेल्यात! पण दोन्ही बाजूंची नावं पट्टीत पडलीत. परत पाठवू?"

धाकटीने घाईने घरचा ग्रुप उघडला.

"काका, चुकून नाही पडली. त्या दोघांनीच पाडायला सांगितलीत." तिने आपला निरोप आणि खालचे दोन्ही ओके त्यांना पाठवले.

पलीकडे कुणीतरी तोंडावर रुमाल धरून हसतंय असा आवाज.

"गिऱ्हाइकाला लेखी सांगितलंस, गिऱ्हाइकाने लेखी हो म्हटलं. मग फाइल बरोबर आहे. माझा हात काही लागत नाही हिला." आणि फोन बंद.

कार्डांचा डबा घरी आला. दादाने एक कार्ड उचललं, आधी मागची बाजू पाहिली आणि गालात हसला. भावोजींनी पुढची पाहिली आणि तेही हसले. दोघांनी एकमेकांकडे असं प्रेमाने पाहिलं, की ताईला वाटलं झालं, घर सुधारलं.

मग दोघांनी कार्ड उलटलं.

हिरवं रान. उताणं झुरळ. ताईचा नंबर.

दादाने कार्ड पुन्हा एकदा उलटलं. "माझं नाव कुठे गेलं?" असं विचारावं, तर "आणि माझं?" हा प्रश्न समोरच उभा. भावोजी घसा साफ करून म्हणाले, "छपाई... चांगली आहे."

"चांगली आहे," दादा म्हणाला. "साधी. सुटसुटीत."

"मशीनचा दोष असतो कधीकधी," धाकटी म्हणाली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत ताईने बिल्डिंगभर कार्डं वाटली. फोन वाजला. कुणाच्या तरी ओट्याखाली पलटणी उतरल्या होत्या.

"साहेब आहेत का?" पलीकडून विचारणा झाली.

ताईने कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मीच साहेब. उद्या सकाळी दोन माणसं पाठवते." तिने फोन ठेवला. "अहो, ऐकलंत ना? आणि दादा, तूपण. पंप भरून ठेवा."

सोमवारी धाकटी प्रेसमधल्या खुर्चीत बसली. खुर्चीचं एक चाक लंगडं होतं, पण बाईसाहेबांच्या थाटाला ते पुरलं.

"पहिलं काम," मालक म्हणाले, "तुझंच कार्ड. प्रेसची डिझायनर म्हणून."

तिने नवीन फाइल उघडली. ब्लीड ओढलं, सेफ एरिया आखला आणि आपलं नाव कार्डाच्या बरोब्बर मध्यावर, चारी काठांपासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब नेऊन ठेवलं. मग दोन्ही पानं स्वतः तपासली, आधी आपलं नाव असलेलं.

घरच्या ग्रुपवर ही पीडीएफ तिने टाकली नाही.