अठ्ठ्याण्णव टक्के

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद हातात ठेवला तेव्हा मास्तरांनी आधी चष्मा पुसला. कागदावर कार्बन मोनॉक्साइडपुढे चौदा टक्के लिहिलं होतं. वैद्यकीय कॉलेजात तीस वर्षं रक्ताचं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला पुढचा हिशेब कुणी सांगायला नको होता. दुपारी दोनला चौदा, म्हणजे सकाळी आठला तीसच्या वर असणार.

"सर, लगेच आणलं असतं तरी बाळाची खात्री नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. त्या त्यांच्याच विद्यार्थिनी. "आईला आता धोका नाही."

मास्तर मान हलवत राहिले. ही पोरगी आपली समजूत घालतेय, हे त्यांना कळत होतं.

सकाळी मुलगी अंघोळ करून भिंतीला धरून बाहेर आली होती. सातवा महिना चालू, बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून बाथरूमची खिडकी बंद आणि आतच गॅसचा गीझर. डोकं दुखतंय म्हणाली. मास्तरांनी कपाटातलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढून तिच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. "डिस्टिंक्शनमध्ये पास," ते म्हणाले होते, "जरा पड, बरं वाटेल." ती पडली. दुपारी ओकली, आणि मग म्हणाली, "बाबा, हा सकाळपासून हललाच नाहीये."

बोटाचं यंत्र फक्त रंग बघतं. ऑक्सिजन बसलेलं रक्त आणि हा वायू बसलेलं रक्त, दोन्ही त्याला सारखंच लाल. हे त्यांनीच शेकडो मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं.

खोलीत मुलगी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क घेऊन पडली होती. सोनोग्राफीवाल्याने पडदा वळवला तेव्हाच बाळ गेल्याचं तिला कळलं होतं. मास्तर स्टुलावर बसले. तिने मास्क जरा उचलला.

"मी अर्धा तास गरम पाणी घेत बसले. त्यामुळेच ना?"

"मास्क खाली घे आधी."

"बाबा, सांगा ना. त्या चार खुर्च्यांसारखं सांगा."

लहानपणी ती त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर चित्रं काढत बसायची. चार खुर्च्या तिला पाठ होत्या. हिमोग्लोबिनच्या घरात चार खुर्च्या. पहिला पाहुणा बसायला आढेवेढे घेतो. तो बसला की घर सैलावतं आणि बाकीचे पटापट बसतात. निघतानाही तसंच, एक उठला की दुसऱ्याची चुळबुळ सुरू.

"गीझरचा हा वायू असा पाहुणा की बसला की उठतच नाही," मास्तर हळू बोलले. "खुर्च्या अडवतो ते वेगळंच. पण तो बसून आहे म्हणून शेजारी बसलेला ऑक्सिजनही उठायचं नाव घेत नाही. रक्त भरलेलं असतं, पण पोटापर्यंत जाऊन देत काहीच नाही."

"बाळ तर ओढून घेतं ना? माझ्या ताटातला घास उचलतं, असं म्हणायचात."

"उचलतं. आईच्या रक्तातला एक पदार्थ हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. बाळाचं हिमोग्लोबिन त्याला फारशी दाद देत नाही, म्हणून ते जास्त घट्ट धरतं. पण ताटात सुटा घासच नव्हता." ते थांबले. "आणि वायूही तिकडे गेला. तू बाहेर आल्यावर तुझा उतरत होता, त्याचा चढत होता. कितीतरी तास."

"त्याच्याकडे साठवलेलं काहीच नव्हतं?"

"स्नायूंत मायोग्लोबिन असतं. त्याची एकच खुर्ची. सगळं संपत आलं की मगच ते आपल्याजवळचं सोडतं. एवढ्याशा हृदयात ते कितीसं असणार. चार ठोक्यांपुरतं, जास्तीत जास्त."

तिने डोळे मिटले. कानाजवळून पाणी उशीवर गेलं.

"अंघोळीचं तुला माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. "यंत्राचं मला माहीत होतं. तेव्हाच ऑक्सिजन लावायला आणायला हवं होतं. मी आकडा बघितला आणि तुला झोपायला सांगितलं."

तिचा हात त्यांच्या गुडघ्याजवळ होता, तो तिने पांघरुणात घेतला. त्या हाताच्या बोटाला दवाखान्याचं यंत्र होतं, ते आतून लाल दिसत राहिलं. मास्तर बघत बसले. उठून जावं की थांबावं, त्यांना ठरवता येईना.

बऱ्याच वेळाने तिने पुन्हा मास्क उचलला.

"हे कुठे गेलेत?"

"कपडे आणायला घरी. रिपोर्ट यायच्या आधीच निघाले." जाताना जावई आणखी काय म्हणाला ते त्यांना आठवलं. अंघोळ करून येतो, बाबा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फोन लावा," ती म्हणाली.

बटणं दाबताना मास्तरांची बोटं दोनदा चुकली. घंटा वाजत राहिली. मुलगी कोपरावर उठून बसली होती.

"बोला बाबा," जावयाचा आवाज आला. मागे पाणी पडत होतं.

"गीझर बंद करा," मास्तर म्हणाले. "खिडकी उघडा आणि बाहेर या. फोन ठेवू नका. बाहेर आलात की सांगा."

पाण्याचा आवाज थांबला. खिटी ओढल्याचा आवाज आला.

"आलो बाहेर. झालंय काय, बाबा?"

मुलीने हात पांघरुणातून काढून पुढे केला. त्यांनी फोन तिच्याकडे दिला.