आयकर, उचल आणि शेषराव

आयकर खात्याच्या दारात मृत्यूलासुद्धा चपला काढूनच यावं लागतं, असं अकोल्यातले बोदडे वकील गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत. माणूस संपतो, पण त्याचं विवरणपत्र संपत नाही. ते वारसाला भरावंच लागतं. वाक्य भारदस्त होतं, फक्त बोदडे वकील नव्हते. बी. कॉम. होते. टॅक्सचं काम करणाऱ्या प्रत्येकाला वऱ्हाडात वकील म्हणतात आणि ही चूक दुरुस्त करायला त्यांना तीस वर्षांत सवड झाली नव्हती.

जूनमधल्या एका दुपारी कूलरसमोर बसून त्यांनी शेषराव तायडेची फाइल उघडली. शेषराव एमआयडीसीतल्या तेलगिरणीत भांडारप्रमुख होता. जानेवारीचा पगार हाती पडला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. समोर त्याची बायको चंद्रकला बसली होती. वारस म्हणून पोर्टलवर तिची नोंदणी झाली होती. आता फक्त हिशेब राहिला होता.

"सोपं आहे, वहिनी," बोदडे म्हणाले. "महिन्याले साठ हजार, दहा महिने, झाले सहा लाख. नव्या पद्धतीत पंच्याहत्तर हजार सरसकट वजा. उरले सव्वापाच लाख. सात लाखांच्या आत आहे म्हणून सगळा कर माफ. म्हणजे गिरणीनं जेवढा कर कापला तेवढा वापस."

"मंग कापला किती?"

इथेच घोडं अडलं. खात्याच्या साइटवर डिसेंबरपर्यंत दर महिन्याचे हजार रुपये दिसत होते. जानेवारीचा रकाना कोरा होता.

बोदड्यांनी बँकेचं पासबुक मागितलं. दर महिन्याला पंचावन्न हजार दोनशे जमा, जानेवारीत मात्र सत्तेचाळीस हजार दोनशे. साठातून भविष्यनिर्वाह निधीचे छत्तीसशे आणि व्यवसाय कराचे दोनशे काढले, की नऊ हजारांचं भोक उरत होतं. शेषराव दवाखान्यात होता, त्यामुळे विम्याच्या आणि घरभाड्याच्या पावत्या गिरणीत दिल्या गेल्या नव्हत्या. जुन्या पद्धतीत पावत्या नसल्या की जानेवारीत गिरणी दणकून कर कापते. सगळं जुळत होतं. बोदड्यांनी लगेच गिरणीत मुनिमाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कर? छ्या!" काळबांडे मुनीम म्हणाला. "शेषरावनं उचल घेतली होती, थे कापली. कर तं एक रुपया नाई."

चंद्रकला ताठ झाली. "उचल? कशापायी?"

"थे मले काय मालूम, वहिनी. घरच्या गोष्टी हायत."

फोन बंद झाला. कूलरमधलं पाणी टपटपत राहिलं.

"मले न सांगता ह्यांनी पैसे उचलले?" ती हळू म्हणाली. "दवाखान्यात मी उशाशी बसून होती. पानतंबाखूचाही हिशोब सांगायचे, भाऊ. कोणाले देले असतीन?"

हिशेबानं आकडा सापडत होता, पण आकड्याचं नाव सापडत नव्हतं. ते नाव पगाराच्या स्लिपवर असतं: एक तर 'आयकर', नाही तर 'उचल'. गिरणी कागद छापत नसे. काळबांडे कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ज्याचा त्याला पाठवून द्यायचा, आणि शेषराव इमानेइतबारे तो बोदड्यांकडे ढकलायचा.

जानेवारीचाही ढकलला होता. बोदड्यांनी तो उघडलाच नव्हता. सुप्रभातच्या गुलाबांनी फोन भरतो म्हणून त्यांनी फोटो आपोआप उतरणं बंद करून ठेवलं होतं. आता त्या जागी एक धुरकट चौकोन होता. आत माणूस उभा असावा तसं काहीतरी काळं दिसत होतं. त्यावर बोट ठेवलं की फोन म्हणे: हा फोटो आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

"काय म्हणते?" चंद्रकलेनं विचारलं.

बोदड्यांनी वाचून दाखवलं आणि लगेच जीभ चावली.

शेषरावचा फोन पोरानं मे महिन्यात 'जुना द्या, नवा घ्या'मध्ये देऊन टाकला होता. जुन्यातलं नव्यात काही आलं नव्हतं. आलं ते फक्त सिमकार्ड.

"बरं," म्हणून चंद्रकला उठली. दारात थांबली. "पाठवणाऱ्याले सांगायचं ना? सांगतो मंग."

त्या रात्री बोदड्यांनी बायकोला सांगितलं, बिचारी भ्रमिष्ट झाली. स्वतःला मात्र झोप लागेना. डोळे मिटले की तो चौकोन दिसे, आणि आतला काळा माणूस थोडा जवळ आलेला असे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते चहा पीत होते. फोन थरथरला. नुसत्या एका ठिपक्याचा मेसेज, आणि वर नाव: शेषराव तायडे.

शेषराव ऑनलाइन होता.

डीपीच्या गोल चौकटीत तो फेटा बांधून कुणाच्यातरी लग्नात उभा होता आणि सरळ बोदड्यांकडे बघत होता. नावाखाली अक्षरं उमटली: टाइप करत आहे. थांबली. पुन्हा उमटली. कपातल्या चहावर साय धरली तरी शेषराव टाइपच करत होता. जिवंतपणीही तो असाच सावकाश लिहायचा. बोदड्यांनी मारुतीचं नाव घेतलं आणि दुसऱ्या हातानं कूलर बंद केला. गारठा कुठून येतोय ते कळेना.

मग एक फोटो आला. बोट ठेवताच उघडला. स्पष्ट. जानेवारीची स्लिप. कपातीत ठळक अक्षरांत: आयकर, नऊ हजार. उचल: शून्य.

खाली एक ओळ: 'वकीलभाऊ, स्लिप भेटली. चंद्रकला.'

बोदड्यांनी फोन लावला तेव्हा त्यांचा आवाज चिरका झाला होता. "वहिनी! कुठून आणली?"

"तुमीच तं म्हणले, पाठवणाऱ्याले सांगा. ह्यांना कोणी पाठवली? मुनिमानं! पोरीनं काल ह्यांच्या नंबरवर व्हॉट्सॲप चालू करून देलं. मुनिमाचा नंबर सिमवरच होता. मी लेहलं, 'माझी जानेवारीची स्लिप पुन्हा पाठव.' ल्याहाले लय टाइम लागला बाप्पा. पण धाडल्याबरोबर आली. वरतून म्हणे, 'माफ कर भाऊ.' मले भाऊ काहून म्हणते थो?"

बोदड्यांनी कूलर पुन्हा चालू केला.

"नाई घेतली ना उचल?" तिनं विचारलं.

"नाई, वहिनी. एक रुपया नाई."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. "मले माईतच होतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार वाजता काळबांडे मुनीम स्वतः आला. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावर ताजा अंगारा. खुर्चीच्या कडेवर बसला.

"शेठनं कापलेला कर भरलाच नव्हता, वकीलसायेब. मले म्हणे, मेलेला माणूस इचाराले येते काय." त्यानं कपाळावरचा अंगारा चाचपला. "आज व्याजासगट चलान भरलं. तिमाहीचं विवरणबी उद्या टाकतो. लेट फी शेठ भरीन. मंग साइटवर नऊ हजार दिसतीन."

"दिसले की मी परतावा मागतो," बोदडे कोरड्या आवाजात म्हणाले. "आणि मेसेज कोणी केला होता, माहीत आहे ना?"

"आता समजलं. वहिनीनं."

"मग अजून थरथरता काहून?"

मुनिमानं फोन टेबलावर उताणा ठेवला. पडद्यावर शेषराव पुन्हा ऑनलाइन होता. फेट्याखालचे डोळे काचेत पडलेल्या पंख्याच्या प्रतिबिंबातून मुनिमाकडे बघत होते.

"एक इनंती हाय," मुनीम दबक्या आवाजात म्हणाला. "वहिनीले म्हणा, तेवढा डीपी बदला."