खोळीतली जागा

मी घोंगडी बोलतेय. एके काळची काळी, आता विटून तपकिरी झालेली, आणि अंगाला टोचणारी. टोचते म्हणून तोंड वाकडं करू नका. तुमच्या त्या मऊ शालीला लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या पावसात अर्धा दिवस उभी करा, मग माझ्याशी बोला.

माझा जन्म लांब, कमी पावसाच्या मुलखातला. मेंढीची काळी लोकर, एका म्हाताऱ्या सणगराचा खड्ड्यातला माग आणि वरून चिंचोक्याची खळ. खळ वाळली तशी मी ताठ झाले आणि जरा तोऱ्यातच बाजारोबाजार हिंडत तळेगावला आले. तिथं कुरवंड्याच्या नथूनं मला घेतलं. मायेनं हात फिरवणं वगैरे काही नाही. दोन्ही टोकांना धरून ओढून पाहिलं आणि टाकली खांद्यावर. मला वाटलं, घाईत असेल. पुढं कळलं की हा गडी सगळ्यांशी असाच, बायकोशीसुद्धा.

वाईट नव्हता हो नथू. दारू नाही, मारहाण नाही. राब राब राबायचा. भाताच्या खाचरात उतरला की माझी खोळ करायचा, म्हणजे मला दुमडून डोक्यावरून पाठीपर्यंत सोडायचा. खोळीत पाऊस शिरत नाही. आत ऊब असते आणि एका पोराला बसायला पुरेल एवढी जागाही असते. त्याची लेक समीक्षा सात-आठ वर्षांची असताना चिखल तुडवत यायची आणि माझी कड धरून उभी राहायची. शाळेतलं काहीतरी सांगायचं असायचं तिला. नथू मान वर न करता म्हणायचा, "जा, आईकडं जा." आई झुंबरबाई बांधावर भाकरी घेऊन बसलेली असायची. पोर तिकडं जायची. पण थोड्या वेळानं परत माझी कड धरायची. काय चिवट असते बघा पोरांची आशा.

लावणी उरकली की नथू खंडाळ्याला एका शेठच्या बंगल्यावर राखणीला जायचा. एकदा झुंबरबाईनं समीक्षाकडं त्याचा डबा दिला. पोर फाटकापाशी आली आणि तिथंच खिळली. शेठची नातवंडं पावसात खेळत होती, त्यातलं धाकटं नथूच्या खोळीत होतं. नथू त्याला घेऊन गोल गोल फिरत होता आणि हसत होता. मी त्याच्याच अंगावर होते, मला ते हसू त्याच्या पाठीतून जाणवत होतं. समीक्षा डबा फाटकाशी ठेवून निघून गेली. नथूनं तिला पाहिलंही नाही. घरी तिनं कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारे, तू त्याच्या इतकी जवळ होतीस, त्याच्या पोटात माया असणारच, ती तरी सांग. सांगितली असती हो, असती तर का नसती सांगितली? पोर झोपल्यावर हा गुपचूप तिच्या डोक्यावरून हात फिरवतोय असं मी कधी पाहिलं नाही. माया आत कुठं असेलही. पण ती पोरीपर्यंत पोचली नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

वर्षं गेली. समीक्षा शिकली, गौरवशी लग्न झालं, लोणावळ्यात फ्लॅट घेतला आणि एका हॉटेलात रिसेप्शनला लागली. झुंबरबाई गेली. नथूच्यानं शेत होईना, तेव्हा मी खुंटीला लागले. कसर लागायच्या बेतात होते. एका रविवारी समीक्षानं विचारलं, "आबा, ही घोंगडी मी नेऊ का?"

"ने," नथू म्हणाला. एवढंच. पोर जरा वेळ उभी राहिली. का हवी आहे, असं तरी विचारतील म्हणून. मग मला उचलून गाडीत टाकलं.

तिच्या घरी आल्यावर मला खरी गोष्ट कळली. दर रविवारी ही म्हाताऱ्याची औषधं, किराणा सगळं पोचवायची आणि परत आली की तिचा जबडा दगडासारखा घट्ट असायचा. डोकं ठणकायचं. गौरवनं चहात साखर जास्त घातली तरी आकाशपाताळ एक. त्यानं विचारलं की म्हणायची, राग कसला, दमलेय मी. आणि राग धरायचा तरी कशाचा? उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, शिकवलं. झालं असतं काही तर बोट दाखवता आलं असतं. जे झालंच नाही, ते दाखवायचं कसं?

मग तो दिवस आला. हॉटेलात जोडून सुट्ट्यांची गर्दी. दिवसभर पाहुण्यांच्या पोरांना चॉकलेटं देऊन, हसून हसून समीक्षाचे गाल दुखत होते. घरी आल्या आल्या तिची पाच वर्षांची प्रेरणा चित्र घेऊन धावली. समीक्षा चपलाही न काढता, मान वर न करता म्हणाली, "जा, बाबाकडं जा."

आणि म्हणता म्हणता पांढरी फटक पडली. शब्द तेच, सूरही तोच. परक्याच्या पोराला हसू आणि घरच्याला पाठ. त्या आठवड्यात ती बाजारपेठेतल्या रुखसार मॅडमकडं गेली. समुपदेशन करतात त्या. तिथलं बोलणं तिनं रात्री गौरवला सांगितलं, ते मी ऐकलं. समीक्षानं पहिल्यांदाच सांगून टाकलं, की आबांना जाब विचारायला मला लावू नका. एकदा नुसता विषय काढला तर ते उठून गोठ्यात गेले होते. आता थकलेत, आणि मला ते भांडण नकोच आहे. मला फक्त हे माझ्या पोरीपर्यंत पोचू द्यायचं नाही.

रुखसार म्हणाल्या, जाब विचारायलाच हवा असं कुठं आहे? राग तुमचा आहे, तो ऐकायला आबा समोर असायला हवेत असं नाही. त्यांचं काहीतरी घेऊन या.

म्हणून मी गेले. मला एका रिकाम्या खुर्चीवर नीट पांघरलं. समीक्षा समोर बसली. रुखसार म्हणाल्या, समजा आबा बसलेत, बोला. तर या बाईच्या तोंडून काय निघावं? "आबा, गोळ्या घेतल्या का?" मला हसू आलं आणि रडूही.

घरी आल्यावर मात्र ती मला गच्चीत घेऊन गेली, दोरीवर टाकली आणि काठीनं झोडपू लागली. धूळ काढायला घोंगडी झोडपतातच, शेजाऱ्यांना काही वाटलं नाही. पण मला कळत होतं, हे फटके धुळीसाठी नव्हते. दोन-तीन दिवस हेच. तेवढ्यापुरतं तिला मोकळं वाटायचं आणि संध्याकाळी ती आणखीच तापलेली असायची. मला घेऊन ती पुन्हा गेली, तेव्हा हे ऐकून रुखसारनी नकारार्थी मान हलवली. नुसतं बडवल्यानं राग निवत नाही, म्हणाल्या, त्याला सवय लागते. राग तुम्हाला काहीतरी सांगतोय, ते ऐका. तो अंगात कुठं आहे? कोणता प्रसंग दिसतो? आणि तेव्हा तुम्हाला काय हवं होतं?

समीक्षानं गळ्यावर हात ठेवला.  मग माझ्याकडं बघून बोलली, आणि हॉटेलातली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"आबा, तुमी त्या शेठच्या पोराला खोळीत घेतलंत. मला न्हाई घेतलं. कदीच न्हाई. मी काय वंगाळ केलतं? मला लय राग आलाय तुमचा. लय."

ओरडली नाही. रुखसारनी थांबवलं नाही, की वडीलधारी माणसं म्हणून समजावलंही नाही. समीक्षा एकेक प्रसंग काढत गेली, आणि मग रागाखालून रडू आलं. "मला फकस्त आत यायचं होतं," म्हणाली. इतकी वर्षं तिची मूठ माझ्या कडेला होती, मला ते आधीच ठाऊक होतं. तरी माझा धागा न् धागा हलला.

पुढच्या खेपेला रुखसारनी तिला आबांच्या खुर्चीत बसून आबा म्हणून उत्तर द्यायला सांगितलं. ती मला खांद्यावर घेऊन बसली. शब्दच फुटेना. शेवटी म्हणाली, "हितं बसूनपण ते काही बोलत नाहीत हो, मॅडम." तो दिवस सगळ्यात जड गेला. एक दिवस आबा हाक मारतील ही आशा तिनं तिथं सोडली. मेलेल्या माणसासाठी रडावं तशी रडली, आणि माणूस तर जिवंत. रुखसार म्हणाल्या, आबांच्या वतीनं बोलणं राहू द्या. तुमच्यातल्या त्या आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही काय सांगाल? समीक्षानं मला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. "तुझं काही चुकलं नव्हतं," एवढंच बोलली.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सुटली. कसली सुटते! दिवाळीत नथूनं नातीकडं बघितलंही नाही, तेव्हा पुन्हा जबडा आवळला. पण आता तिला तो आवळल्याचं कळतं. माफ केलं का, असं एका मावशीनं विचारलं, तर म्हणाली, अजून नाही, करीनच असंही नाही. कुरवंड्याला जाते, पण तासाभरासाठी. म्हातारा ओट्यावर बसून असतो. ती औषधं देते, म्हशीचं विचारते, आणि 'थांब' म्हणतील याची वाट न बघता उठते. थंडीचे दिवस, म्हणून मी मागच्या सीटवर असते. गाडीत बसून ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणते, "आज पण बोलले नाहीत. वाईट वाटलं." डोळे पुसते, मग गाडी सुरू करते.

मलाही आठवण येते हो त्याच्या खांद्यांची. त्यानं कधी कौतुकानं हात फिरवला नाही, तरी येते. आता माझी कड उसवलीय, कसरीनं दोन भोकं पाडलीत. फार दिवस राहीन असं वाटत नाही. जायच्या आधी एवढंच मागते, की घरातलं पोर रागावून समोर आलं तर त्याला दुसरीकडं धाडू नका. ते अजून तुमच्याकडंच येतंय, याची किंमत करा.

हे मी का म्हणते, ते ऐका. परवा समीक्षा प्रेरणाच्या शाळेतल्या नाचाला येते म्हणाली आणि हॉटेलातच अडकली. घरी आली तर पोर दारात कमरेवर हात ठेवून उभी. "मला तुझा राग आलाय. तू येते म्हणालीस आणि आली नाहीस."

समीक्षाचा जबडा आवळला, मी पाहिलं. मग तिनं पर्स टाकली आणि पोरीसमोर खाली फरशीवर बसली. "खरंय. चुकलं माझं. सांग, अजून सांग." पोरीनं सगळं सांगितलं, रडून घेतलं, नाचूनही दाखवलं. दमून आईच्या मांडीत बसल्यावर तिनं विचारलं, "तुला येतो का गं कुणाचा राग?"

"येतो. आबांचा येतो. आणि त्यांची आठवण पण येते."

"आठवण कशी येईल? आबा तर आहेत ना तिकडं?"

समीक्षानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "हो गं," म्हणाली. "तरी येते."