कात्रीला तेल

गंजलेल्या सुऱ्या घासताघासता सासूबाई म्हणाल्या, "तुझी ती शिवणाची कात्रीही काढ गं." लग्नापासून आठ वर्षं पेटीत पडलेली कात्री! सुनेचा जीव सुपाएवढा झाला. तिने पाती व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली, तारेच्या घासणीने खसाखसा घासली, साबणाने धुऊन खडखडीत कोरडी केली, खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. कात्री पुन्हा कचकच बोलू लागली.

"मग शिवणाची कामं घ्यायला लागू ना?" तिने विचारलं.

"कामं? काहीतरीच तुझं! पात्यांनाही तेलाचा हात दे, कोरड्या फडक्यात गुंडाळ आणि ठेव परत पेटीत. अधूनमधून तेल दिलंस की जन्मभर पडून राहिली तरी गंजायची नाही."