दगडावरच्या नावांची सूचना

भिलाईतल्या रिसालीच्या बुद्धविहारात सूचना निघाली की तिचं डिक्टेशन भय्याजींचं आणि अक्षर कमलाचं, ही वहिवाट नऊ वर्षांची. भय्याजी स्टील प्लांटमध्ये हेडक्लार्क आणि विहाराचे कार्यवाह. डोळे मिटून, एक हात पाठीशी धरून ते शब्द सोडायचे, आणि कमला ते मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायची. अर्थ तिला लागायचा. मॅट्रिक होती, आणि नऊ वर्षांत तर भय्याजींचा शब्द अर्धा बाहेर यायच्या आत तिच्या लेखणीत शिरायचा.

तर १९८४ सालच्या त्या रविवारी वंदना झाली आणि भय्याजींनी उभं राहून नवी सूचना वाचली. ती अशी होती:

"विहाराच्या निर्मितिकार्यात श्रमदानाद्वारे सक्रिय सहभाग नोंदविलेल्या समस्त उपासक-उपासिकांची नामावली शिलालेखावर उत्कीर्ण करण्याचे योजिले आहे. तरी संबंधितांनी आपली नावे आगामी रविवारपर्यंत कार्यवाहांकडे लेखी स्वरूपात सादर करावीत. विहित मुदतीनंतर प्राप्त नावांचा समावेश केला जाणार नाही."

वाचून झाल्यावर सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, "साधु, साधु, साधु." पुढच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांनी जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. विहारात उभं राहून कुणी काही वाचलं की शेवटी तीनदा साधु म्हणायचं, मग ते सुत्त असो नाहीतर नळाच्या दुरुस्तीची सूचना असो. भय्याजींनी चष्मा काढला, घडी केली आणि सूचना फळ्यावर टाचली.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी कमलाकडे आलेल्या नावांची यादी पाठवली. सोमवारी चंपत मिस्त्री संगमरवराची पाटी कोरायला घेणार होता, त्याच्यासाठी स्वच्छ अक्षरात उतरवून हवी होती. कमलाने यादी वाचली. चौदा नावं, चौदाही पुरुष. त्यांतले दोघं बदली होऊन भिलाईला आले तेव्हा विहाराचा स्लॅब पडून वाळला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं यादी उलटी करून मागची बाजू पाहिली. मागे काहीच नव्हतं.

विहार उभा राहिला एकोणसत्तर साली. कमला तेव्हा नवी नवरी होती, पोटुशी होती, आणि तिच्या वाट्याला फक्त पाणी पाजायचं काम आलं होतं. पण पाजलं कुणाला, ते तिला चांगलं आठवत होतं. प्लांटमध्ये दिवसभर रेजा म्हणून गिट्टी वाहून बायका संध्याकाळी इकडे यायच्या आणि परत डोक्यावर घमेलं घ्यायच्या. त्या रांगेत सगळ्यात पुढे असायची गिरजाबाई. त्यांपैकी एकीचंही नाव यादीत नव्हतं.

कमला तशीच उठली आणि गिरजाबाईच्या खोलीवर गेली. म्हातारी दारात बसून तांदूळ निवडत होती.

"जयभीम, गिरजामाय. तुवं नाव कावून नाई देलं?"

"कशात व?"

"दगडावर. इतवारी भय्याजीनं वाचलं ना. तू तर समोरच बसली होती. साधु म्हटलं तू."

"म्हटलं ना! येवढं चांगलं वाचलं त्यानं." गिरजाबाईनं सूप हलवलं. "मले वाटलं, कोन्या मोठ्या लोकायची गोष्ट असन. शिलालेख, का काय ते. आमाले काय त्याचं?"

"माय, ते तुलेच बोलावून राहिले होते."

गिरजाबाईचा हात सुपात थांबला. ती कमलाकडे पाहत राहिली, मग एकदम हसली. तिला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. ते हसू कमलाला फार लागलं. भय्याजींचा राग नंतर आला. आधी आला तो स्वतःचा, कारण अक्षर तिचं होतं. नऊ वर्षं तिनंच हे लिहून टाचलं होतं.

घरी येऊन तिनं लेकीला, प्रेमलाला, सूचना वाचून दाखवली. प्रेमला हिंदी मीडियमला दहावीत. म्हणाली, "शिलालेख समझ में आया, हिस्ट्री में है. सहभाग, समावेश, ते पन समजलं. पन ये उत्कीर्ण क्या है? आन् कार्यवाह कोन आहे?"

"भय्याजी."

"तो भय्याजी लिहायचं ना!"

म्हणजे म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून गेलं आणि पोरांच्या कानावरून. समजलं ते मधल्या चौदा जणांना. कमलाने कोरा कागद घेतला. पहिल्यांदा लिहिलं ते तिचं तिलाच पटलं नाही. "गोटा" लिहिलं तर प्रेमला अडली, "दगड" तिलाही चालला आणि गिरजाबाईलाही चालणार होता. सकाळी ती तो कागद घेऊन पुन्हा गिरजाबाईकडे गेली, वाचला, आणि "समजलं का?" असं मुळीच विचारलं नाही. त्याला सगळे होच म्हणतात. तिनं विचारलं, "आता मले सांग, तू रविवारी काय करशीन?" गिरजाबाई म्हणाली, "कोनाकडून तरी लिहून आनीन." मग कमलाने "लिहून आणायची गरज नाही" हे वाक्य वेगळं आणि ठळक केलं. असं तीन घरी केलं.

शनिवारी ती भय्याजींकडे गेली आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. चौदा नावांची यादी उतरवली नव्हती. भय्याजींनी नवी सूचना वाचली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे काय आहे, कमला? हे विहाराच्या फळ्यावर लावायचं? नळावरच्या गोष्टी आहेत ह्या!"

"नळावर सगळ्यायले समजते, भय्याजी."

"मी वाचल्यावर सगळ्यांनी साधु म्हटलं. तू पण म्हटलं."

"साधु तर आपन पालीलेही म्हणतो. तिचा अर्थ किती जनाले येते?"

भय्याजी उठून उभे राहिले. संतापले की ते कार्यालयी मराठी सोडून घरच्या बोलीवर यायचे, हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं.

"माह्या बापाले शाळेच्या वसरीत बसवत होते, बाहेर! पाटीले हात लावू देत नोयते. हे शब्द आमच्यापासून लपवून ठेवले होते लोकायनं. ते म्या एकेक करून मिळवले. आता मी ते बाजूले ठेवू, आन् सेक्टरातल्या साहेब लोकायच्या मंडळानं हसावं, का पहा, याह्यले सूचनाही लिहिता येत नाई?"

ही गोष्ट खोटी नव्हती. कमलाच्या बापाचीही तीच कथा होती, आणि म्हणूनच नऊ वर्षं ती मान खाली घालून लिहीत आली होती. पण आज मान खाली जाईना.

"तुमचे शब्द तुमच्यापासून कोनी घेत नाई, भय्याजी. कलेक्टरले अर्ज लिहा, मी सोन्यासारखा उतरवून देतो. पन तुमच्या बापाले वसरीत बसवलं ना? तसंच आपन गिरजामायले बसवलं. आत वाचून राहिलो आन् तिले बाहेर ठेवलं. सेक्टरातल्या लोकायनं हसू द्या. दगड त्यायचा नाई."

"मग मी वाचणार नाही हे."

"नका वाचू. मी वाचतो. आन् तुमची यादीही मी उतरवत नाई. चंपतले तुमच्या अक्षरात द्या."

भय्याजींचं अक्षर साक्षात मुंगळे. चंपतने ते कोरलं असतं तर नावं कुणाची ते पुढच्या पिढीला कळलं नसतं. भय्याजींनी परवानगी दिली नाही. परवानगी मागितली होती कुणी?

रविवारी वंदना झाली. भय्याजी फळ्यापाशी हाताची घडी घालून उभे राहिले, जणू कुणी फळा उचलून नेणार होतं. कमला उठली. तिनं कागद उघडून वाचलं:

"विहार बांधताना ज्यांनी रेती, विटा, पाणी वाहिलं, त्या सगळ्यांची नावं दगडावर कोरायची आहेत. बाई असो की पुरुष. वाहणारं माणूस आता या जगात नसेल, तर त्याचंही नाव सांगा. लिहून आणायची गरज नाही. आज, आत्ता, कमलाजवळ तोंडी सांगा. उद्या दगड कोरायला जाईल. मग नाव घालता येणार नाही."

साधु कुणीच म्हटलं नाही. क्षणभर भय्याजींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. आणि मग सगळा विहार एकदम बोलायला लागला. कुणी म्हणे माझी सासू, कुणी म्हणे माझा भाऊ, कुणी मागून ओरडलं की पाण्याची कोठी उतई गावाहून बैलगाडीत आणली ती आमच्या मामानं. पोरं उठून आपापल्या आज्यांना हाताला धरून पुढे आणायला लागली. नऊ वर्षांत सूचनेनंतर एवढा गोंधळ झाला नव्हता. कमला सतरंजीवर मांडी घालून बसली आणि लिहीत सुटली.

पहिली गिरजाबाई. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आणि मग बोटांवर मोजत, गेलेल्यांची सांगायला लागली, ज्यांचं सांगायला कुणी उरलं नव्हतं. पाच झाली. सहाव्या बोटावर ती थांबली आणि फळ्याकडे पाहिलं.

"आन् रंभा. तिचं लिह्य. माह्या मांगंच राहे रांगेत. घमेलं भरून घे, अर्धं नाई घेतलं कधी."

रंभाबाई म्हणजे भय्याजींची आई.

"माझी आई?" भय्याजी म्हणाले. "मी तेव्हा राजहऱ्याच्या खाणीवर होतो... तिनं मला कधी सांगितलं नाही."

"तुवं कधी इचारलं?" गिरजाबाई म्हणाली.

काखेत कळसा असावा आणि त्याच्यासाठीच गावभर दवंडी पिटावी, तसं झालं होतं त्या माणसाचं. नामावली मागवली त्यानं, संबंधितांना बोलावलं त्यानं, आणि संबंधितांत आपली आई आहे हे त्याच्या सूचनेनं त्यालाही सांगितलं नव्हतं. कमलाला वाटलं होतं, आज आपण जिंकलो तर फार बरं वाटेल. तेवढं वाटलं नाही. पण लेखणी तिनं खाली ठेवली नाही.

"नाव घरच्यानं सांगा लागते, भय्याजी," ती म्हणाली. "लिहून नको. तोंडानं सांगा."

हा नियम तिनं तिथल्या तिथे केला होता. भय्याजी फळ्यापासून हलले. रांगेत दोन म्हाताऱ्या पुढे होत्या, त्यांची नावं होईपर्यंत ते त्यांच्या मागे उभे राहिले. मग कमलापुढे उकिडवे बसले.

"रंभाबाई," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "कालकथित लिह्य, पुढं. का तेही चालत नाई तुले?"

कमलाने गिरजाबाईकडे पाहिलं.

"चालते ना," म्हातारी म्हणाली. "तो शब्द समजते आमाले. मैतीत किती खेपा आयकला. लिह्य, कालकथित रंभाबाई."

कमलाने लिहिलं. त्या चौदांतली बारा धरून एकूण एक्केचाळीस नावं झाली, त्यात बायका सव्वीस. भय्याजी उठले, फळ्यावरची आपली सूचना काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि टाचणी कमलाला दिली.