चौथी ओळ

बाईंना शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, पण लाल पेन त्यांनी त्याच्याही आधी सोडलं होतं. आता त्या पेन्सिलीने लिहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "डोळ्यांना त्रास होतो." लाल रंगाचा डोळ्यांना कसला त्रास, असं त्यांच्या धाकट्या जावेने एकदा विचारून पाहिलं होतं. त्यावर बाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि विषय तिथेच संपला.

दोघी जावा एकाच घरात राहत. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि दोन स्वयंपाकघरं कशाला म्हणून धाकटी आपलं बिऱ्हाड उचलून इथे आली. फोनचं खातं तिच्याकडे होतं. शहरात मोठ्या माणसांसाठी एक अभ्यासकेंद्र होतं. शाळा अर्ध्यात सुटलेली माणसं तिथे येत आणि बाहेरून परीक्षेला बसत. त्यांच्या भूमितीच्या वह्या तपासायचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. वह्या म्हणजे फोटोच. केंद्रवाली बाई ते पाठवी, कोणाचा कुठला ते सांगत नसे, आणि तपासणारं कोण हेही तिकडे कोणाला ठाऊक नसे.

त्या दिवशी सकाळी धाकटी फोन घेऊन आली तेव्हा बाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"जाऊबाई, तुमची गिऱ्हाईकं सुरू झाली. एकच पान आहे, पण सोबत चिठ्ठी आहे मोठी."

"वाच."

धाकटीने फोन हातभर लांब धरला. "केंद्रवाली लिहिते, ही शिवणकाम करणारी आहे. पन्नाशी उलटलीय. वर्षभर येतेय, बाकी सगळे विषय झाले, भूमितीला हात लावत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख. काल हे पान आणून म्हणाली, हे सगळंच चुकलंय की एखादीच ओळ, तेवढं कोणा जाणत्याला विचारा. सगळं चुकलं असेल तर मी फॉर्म भरत नाही. नुसतं चूक म्हणू नका, कुठे ते सांगा." धाकटीने मान वर केली. "हिची अट तर कोर्टातल्यासारखी आहे."

"अट चांगली आहे," बाई म्हणाल्या. "आण इकडे."

फोटो काळापांढरा होता. हल्ली फोनमध्ये अशी सोय असते, कागद टिपला की तो छापल्यासारखा दिसतो. कडेला माप घ्यायच्या फितीचं टोक आलं होतं, वर हाताची सावली होती, आणि पानावरून वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत करड्या रंगाची तिरकी घडी गेली होती. शेवटच्या ओळीखालचं पान फोटोत आलंच नव्हतं. अक्षर शाळकरी, गोल, ओळीला चिकटून बसलेलं.

बाईंची तपासायची एक जुनी पद्धत होती. आकृती तळहाताने झाकायची आणि नुसत्या ओळी वाचायच्या. आकृती गोड बोलून फसवते, असं त्या वर्गात सांगत. समान काढलेलं समानच दिसतं, मग सिद्ध काय करायचं राहिलं? दुसरा नियम कारणांचा. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण हवं. कारणाशिवायची ओळ त्या ओळच धरत नसत.

त्यांनी फोनवर हात ठेवून आकृती झाकली.

त्रिकोण अबक. अड ही रेषा कोन अ ला दुभागते, आणि बक या बाजूलाही बरोबर मध्यावर गाठते. सिद्ध करायचं ते असं, की अब आणि अक या बाजू समान आहेत.

पहिली ओळ, बड बरोबर कड, पक्ष. म्हणजे दिलेलंच. ठीक. दुसऱ्या ओळीत दोन कोन समान म्हटले होते, पुढे पुन्हा पक्ष, पण कोनांची अक्षरं नेमकी घडीखाली गेली होती. तिसरी ओळ, अड सामाईक बाजू. चौथी, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप, बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू. पाचवी, म्हणून अब बरोबर अक.

"झालं?" धाकटीने विचारलं.

"नाही. दुसऱ्या ओळीतला कोन कुठला, ते दिसत नाही."

"एका कोनाने काय बिघडतंय? चुकलंय ना कुठेतरी?"

"तेच तर तिला विचारायचंय, कुठे ते." बाईंनी पेन्सिलीने पाठकोऱ्या कागदावर एक वाकडा त्रिकोण काढला, मुद्दाम एक बाजू लांब ठेवून. "हे बघ. तिने इथले, ड पाशी असलेले कोन समान म्हटले असतील, तर दोन बाजू आणि त्यांच्या बेचक्यातला कोन मिळतो. मग चौथी ओळ बरोबर. पण ड पाशी कोन समान आहेत हे कोणी दिलेलंच नाही, म्हणजे चूक दुसऱ्या ओळीत. उलट तिने वरचे, अ पाशी असलेले कोन लिहिले असतील, तर ते दिलेलेच आहेत. दुसरी ओळ बरोबर. मात्र तो कोन बड आणि अड या बाजूंच्या बेचक्यात नाही, म्हणून बाकोबा लागत नाही. चूक चौथीत."

धाकटी कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे दोन्हीकडून चूकच."

"चूकच. पण एकीत तिने न दिलेलं गृहीत धरलं, आणि दुसरीत दिलेलं सगळं नीट मांडून एका जागी पाय घसरला. दोन वेगळी माणसं आहेत ती. कळव तिला, साधा फोटो पाठव म्हणावं, रंगीत, सबंध पानाचा. आणि पानाची घडी मोडून."

दुपारची भांडी आवरेपर्यंत उत्तर आलं नाही. मग फोन वाजला. धाकटीने तो उघडला आणि नेहमीची बडबड न करता बाईंच्या हातात दिला.

"घडी नाही ती, जाऊबाई."

पान पिवळं पडलेलं होतं. अक्षरांची निळी शाई विटून राखाडी झाली होती. पण त्यावरची तिरकी रेघ अजून लाल होती. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी न लावता ओढलेली, तरी सरळ. खाली फक्त 'चूक'. त्याच्याखाली तारीख, चाळीस वर्षांपूर्वीची, आणि सहीचं एक वळण, शेपूट वर नेऊन गोल केलेलं.

बाईंनी ते वळण नंतरही कितीदा केलं होतं, बँकेत, पेन्शनच्या कागदांवर. ते ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही.

"तुमचीच?" धाकटीने हळूच विचारलं.

"माझीच."

मग त्यांनी फार वेळ मुलगी आठवून पाहिली. वर्ग आठवला, त्याच्या तीन खिडक्या आठवल्या, वह्यांचा गठ्ठा ठेवायचं टेबल, एका पायाखाली खडूच्या खोक्याचा पुठ्ठा घातलेलं. ती रेघसुद्धा आठवली. तशी रेघ हात न उचलता ओढण्याचा त्यांना तेव्हा अभिमान होता, शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा असे. सत्तर वह्या तासाभरात हातावेगळ्या होत. पण गोल अक्षराची मुलगी काही केल्या आठवेना. कुठल्या बाकावर बसायची, चेहरा कसा, काहीच नाही. तिने पान चाळीस वर्षं जपलं होतं आणि बाईंकडे तिचं काहीच नव्हतं.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," धाकटी म्हणाली. "चूक होती, चूक लिहिलंत. खोटं तर नाही लिहिलं."

"कुठे ते नाही लिहिलं."

"तिला कुठे ठाऊक आहे तपासणारं कोण ते? ओळ सांगा आणि मोकळ्या व्हा. उगाच अंगावर कशाला ओढवून घेता?"

 बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. लाल रेघेखाली दुसरी ओळ आता स्वच्छ दिसत होती. कोन बअड बरोबर कोन कअड. पक्ष. वरचाच कोन. दिलेलं सगळं तिने नीट मांडलं होतं. तीन ओळी खऱ्या होत्या, पाचवी चौथीवरून रीतसर निघाली होती. सबंध पानात एकच जागा पोकळ होती, आणि बाईंनी रेघ मात्र सगळ्यावरून ओढली होती.

त्यांनी कोरा कागद घेतला. दोनदा मजकूर खोडून लिहिला.

'तुमच्या पहिल्या तीन ओळी बरोबर आहेत. चूक चौथ्या ओळीत आहे, फक्त तिथेच. तुम्ही घेतलेला कोन समान आहे हे खरं, पण तो घेतलेल्या दोन बाजूंच्या मध्ये नाही, म्हणून बाकोबा लागू होत नाही. कोन मध्ये नसेल तर त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण निघू शकतात. पाचवी ओळ चौथीवर उभी आहे, चौथी सावरली की तीही उभी राहील. ती अशी सावरते. अड ही रेषा ड च्या पुढे तेवढीच वाढवा आणि टोकाला इ म्हणा. इ आणि क जोडा.'

पुढे त्यांनी ओळी लिहिल्या. त्रिकोण अबड आणि त्रिकोण इकड एकरूप, कारण दोन बाजू समान आणि त्यांच्या मधले कोन परस्पर विरुद्ध. म्हणून अब बरोबर इक, आणि कोन बअड बरोबर कोन कइड, एकरूप त्रिकोणांचे संगत घटक. पण कोन बअड बरोबर कोन कअड, पक्ष. म्हणून कोन कअड बरोबर कोन कइड. म्हणून अक बरोबर इक. म्हणून अब बरोबर अक.

त्याखाली थोडी जागा सोडून लिहिलं, 'पानावरची लाल रेघ माझी आहे. ती सगळ्या पानावर ओढायला नको होती. चौथ्या ओळीपाशी एक खूण पुरली असती. तेव्हा मी ती केली नाही.' आणि सही केली, शेपूट वर नेऊन.

धाकटीने कागद दोनदा वाचला. "हे खालचं पण टिपू?"

"सगळं टीप. आणि काळंपांढरं नको करूस."

संध्याकाळी काही आलं नाही. रात्री जेवताना धाकटीने दोनदा फोन पाहिला आणि बाईंनी दोनदा तिला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी अकराचा सुमार झाला तरी तेच. फॉर्मची खिडकी दोनला बंद होणार होती. बाईंनी सकाळपासून तीन वेळा चहाला नाही म्हटलं होतं.

बाराच्या पुढे फोन वाजला.

"तिचंच आहे," धाकटी म्हणाली. "वाचू?"

"वाच."

"'बाई, तपासणाऱ्या तुम्हीच आहात हे मला माहीत नव्हतं. हे पान परत मिळालं त्या दिवशी मी घरी सांगितलं, मला भूमिती येत नाही. मग शाळा सुटली. चाळीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले, मुलांनाही. तीन ओळी येत होत्या हे काल कळलं.'" धाकटी थांबली. पदराने नाक पुसलं. "पुढे आहे. 'तुमची सिद्धता रात्री कापडावर खडूने आखून पाहिली, बाजू लहानमोठ्या घेऊन. कळली. फॉर्म सकाळी भरला.'"

बाईंनी खुर्चीच्या हाताला टेकलेले हात सैल सोडले.

"संपलं?"

"नाही, अजून एक ओळ आहे." धाकटीने फोन जवळ घेतला, मग लांब केला. "'तुमच्या शेवटून दुसऱ्या ओळीला कारण लिहिलेलं नाही. समान कोनांसमोरच्या बाजू समान, असं हवं ना? तुम्ही कारणाशिवायची ओळ धरत नव्हता.'"

 बाईंनी टेबलावरचा कालचा कागद पुढे ओढला, चष्मा घातला आणि ओळ शोधली. अक बरोबर इक. पुढे खरंच काही नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कंसात, लहान अक्षरात, कारण लिहिलं.

"फोटो काढ याचा," त्या म्हणाल्या, "आणि तिला पाठव. लिही, बरोबर आहे."

"एवढंच?"

"कुठे ते तिने सांगितलंय," बाई म्हणाल्या. "आता चहा टाक."